बारा स्टॉलच्या फूड कोर्टासाठी ग्रीस ट्रॅप किती मोठा आणि लाइन कशी

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर १२ स्टॉल आणि १८० खुर्च्यांचं फूड कोर्ट होतंय. स्टॉल एका ओळीत आहेत, ओळीची लांबी ४५ मीटर. भांडी घासायची खोली सगळ्यांना मिळून एकच आहे. मागच्या गल्लीत ओळीच्या साधारण मध्यासमोर १० मीटरवर महापालिकेचं ड्रेनेज चेंबर आहे, त्याचा तळ आमच्या फरशीपासून ९५ सेंमी खाली. ठेकेदार म्हणतो, प्रत्येक सिंकखाली छोटा ग्रीस ट्रॅप देऊ आणि ओळीच्या टोकाला पार्किंगमध्ये १००० लिटरची टाकी. पाणी बोअरचं आणि टँकरचं, आरओ प्लांट आहे. एवढं पुरेल का? लाइन कशी टाकावी?

उत्तर:

पुरणार नाही. आणि टाकीच्या आकाराआधी तिची जागा चुकते आहे, ते पुढे सांगतो.

१००० लिटर हा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. उपाहारगृहाला दर खुर्चीमागे दिवसाला ७० लिटर पाणी धरायची आपल्याकडे रीत आहे. १८० गुणिले ७० म्हणजे १२,६०० लिटर, त्याला १२ तासांनी भागलं की तासाला हजारभर लिटर. म्हणजे ठेकेदाराने एका तासाचं पाणी मावेल एवढी टाकी सांगितली. हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे. फूड कोर्ट सरासरीने चालत नाही. मंगळवारी दुपारी चार वाजता तिथे माश्या मारत बसतात आणि रविवारी रात्री साडेआठला पाय ठेवायला जागा नसते. लाइन तुंबते ती त्या साडेआठला.

म्हणून रविवार धरून हिशेब करू. दिवसभरात १२०० ताटं जातील असं समजा. स्वयंपाक, भांडी आणि ओटे पुसणं मिळून ताटामागे १२ लिटर सांडपाणी धरा. टँकरचं पाणी वापरणारे लोक हात आखडूनच वापरतात, त्यामुळे यापेक्षा जास्त धरायची गरज नाही. एकूण झाले १४,४०० लिटर. त्यातलं ४० टक्के साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत वाहतं, म्हणजे ५,७६० लिटर, मिनिटाला ४८ लिटर. हा तुमचा खरा आकडा. ताटं आणि लिटर ही माझी गृहीतकं आहेत. तुमच्या स्टॉलवाल्यांशी बोलून ती बदला, पुढची रीत तीच राहील.

ग्रीस ट्रॅपमध्ये दुसरं काही घडत नाही, पाणी थोडा वेळ शांत उभं राहतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. भात, पीठ, डाळीचा गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. सगळा खेळ तेलाचा थेंब किती लहान आहे यावर आहे. कोमट पाण्यात ०.१५ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण १ मिलिमीटर वर चढतो. थेंब निम्म्या आकाराचा झाला की वेग निम्मा होत नाही, पाव होतो. गरम पाणी, साबण आणि जोराचा फवारा तिन्ही मिळून थेंब बारीक करतात. भांडी घासायच्या खोलीत तर दिवसभर हेच तिन्ही चालू असतात. त्यामुळे तिथल्या पाण्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

गर्दीच्या वेळी पाण्याला अर्धा तास मिळावा, हा व्यवहारात चालणारा नियम आहे. ४८ लिटर गुणिले ३० म्हणजे १,४४०. युरोपच्या ईएन १८२५ या मानकात ६० अंशांच्या वरच्या पाण्यासाठी १.३ आणि साबणासाठी आणखी १.३ असा गुणक प्रवाहाला लावतात. मी तो इथे उसना घेतो, कारण थेंब बारीक होण्याचं कारण तिथेही तेच आणि इथेही तेच. दोन्ही मिळून साधारण १.७, म्हणजे २,४५० लिटर झाले. शिवाय टाकी कायम मोकळी नसते. वर तेल आणि खाली गाळ साठून पाव भाग भरेपर्यंत आपण ती उपसत नाही, तेव्हा उरलेल्या पाऊण भागात हे २,४५० लिटर बसले पाहिजेत. २,४५० ला ०.७५ ने भागा, ३,२७० च्या आसपास येतं. आतून २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.२ मीटर अशी टाकी घ्या. तिच्यात ३,४५६ लिटर मावतात.

हा झाला दोन तासांच्या गर्दीचा हिशेब. आता एका मिनिटाच्या लोंढ्याचा हिशेब करून बघायला हवा. भांड्यांच्या मोठ्या सिंकचा एक कप्पा ६० बाय ५० बाय ३० सेंमी, म्हणजे ९० लिटरचा. तो पाऊण भरतात. दोन कप्प्यांची बुचं एकदम निघाली की मिनिटभरात १३५ लिटर सुटतात. त्यात स्टॉलवरचे चार-पाच उघडे नळ धरले की लोंढा सेकंदाला ३ लिटरपर्यंत जातो. आपल्या टाकीचा वरून दिसणारा पृष्ठभाग २.८८ चौरस मीटर आहे. ३ लिटर त्यावर पसरले तर सेकंदाला १ मिलिमीटर जाडीचा थर होतो, आणि तेवढ्या वेगाने वर चढणारा थेंब टाकीत अडकतो, म्हणजे ०.१५ मिलिमीटरचा थेंब लोंढ्यातही वर राहतो. मिनिटाला ४८ लिटरच्या संथ प्रवाहात त्याच्या जवळपास निम्म्या आकाराचाही अडकतो. ठेकेदाराची १००० लिटरची टाकी बहुधा मीटरभर लांब-रुंद-खोल असेल, तिचा पृष्ठभाग १ चौरस मीटर. तिथे लोंढा तिप्पट वेगाचा होतो. पाव टाकी भरलेली असताना असा लोंढा चालू राहिला, तर चार-पाच मिनिटांत सगळं पाणी बदलून निघतं आणि जमलेलं तेलही ढवळून बाहेर पडतं.

मग पाच किंवा दहा हजार लिटरचीच टाकी का घेऊ नये, असं मालक विचारतात. घेऊ नका. फार वेळ उभं राहिलेलं खरकटं पाणी आंबतं. त्याची आम्लता काँक्रीट खाते आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा ही आंबण्याची क्रिया थांबता थांबत नाही. बसायची जागा आणि टाकी यांत पाच-सात मीटरच अंतर असेल, तर त्या वासाने गिऱ्हाईक उठून जाईल.

टाकीचे दोन भाग करा, पहिला १.६ मीटरचा आणि दुसरा ०.८ मीटरचा. मधल्या भिंतीतून पाणी मधल्या उंचीवरून जाऊ द्या, वरून नाही आणि तळाशीही नाही. आत येणाऱ्या पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्याची खालची बाजू पाण्यात बुडवा, म्हणजे लोंढा तेलाच्या थरावर आदळत नाही. बाहेर जाणाऱ्या टीची खालची बाजू तळापासून ४० सेंमी वरपर्यंत न्या. दोन्ही टींची वरची तोंडं उघडी ठेवा. ती बंद केली तर हवा कोंडून सायफन होतो आणि टाकीतलं पाणी ओढलं जातं. बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ आत येणाऱ्यापेक्षा ७ सेंमी खाली असावा. पाण्यावर २५-३० सेंमी मोकळी जागा आणि तिथून ७५ मिमीचा हवेचा पाइप थेट गच्चीच्या वर. झाकणं तीन हवीत, आतल्या टीवर, मधल्या भिंतीवर आणि बाहेरच्या टीवर. एकच झाकण दिलं तर उपसणारा माणूस फक्त पहिला भाग उपसतो आणि निघून जातो. दुसऱ्या भागात काय साठलंय हे वर्षभर कुणी बघत नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपवर, टाकीला लागूनच, नमुना घ्यायचं छोटं चेंबर ठेवा.

आता जागा. ठेकेदाराला टाकी ओळीच्या टोकाला, पार्किंगमध्ये हवी आहे, कारण तिथे खोदायला मोकळं आहे. उताराचा हिशेब करून बघा. नहाणी ट्रॅपची खोली धरून पाइप फरशीखाली ३० सेंमीवर सुरू होतो. स्टॉलमधून मागच्या मुख्य लाइनपर्यंत ८ मीटर, १०० मिमी पाइप, ५० ला १ उतार, म्हणजे १६ सेंमी खाली गेलात. मुख्य लाइन ४५ मीटर, १५० मिमी, ८० ला १ उतार, आणखी ५६ सेंमी. बेरीज १०२ सेंमी. महापालिकेच्या चेंबरचा तळ ९५ वर आहे, म्हणजे टाकीत शिरायच्या आधीच तुम्ही त्याच्या खाली गेलात. मग साइटवर हटकून काय होतं, तर उतार कमी करतात. १५० मिमीला २०० ला १ वगैरे. पाणी जातं, पण रेंगाळत. त्यातला भात आणि पीठ तळाला बसतं, त्यावर तूप-डालडा चिकटतं, आणि सहा महिन्यांत पाइप आतून निम्मा होतो.

टाकी ओळीच्या मध्यासमोर, मागच्या बाजूला घ्या. दोन्हीकडून साडेबावीस मीटरच्या दोन लाइनी तिच्याकडे येतील. आता ३० अधिक १६ अधिक २८, म्हणजे ७४ सेंमीवर पाणी टाकीत येतं, ८१ वर बाहेर पडतं. चेंबरपर्यंतच्या १० मीटरला ८० ला १ उताराने साडेबारा सेंमी लागतात, म्हणजे ९३.५. चेंबर ९५ वर. दीड सेंमी हातात राहिला. बसतं, पण मोजून मापून बसतं. त्यामुळे पाइप टाकताना नुसत्या पाणसळीवर विसंबू नका. लेव्हल नळीने किंवा डंपी लेव्हलने दर तीन मीटरवर माप घ्या आणि ते लिहून ठेवायला सांगा. चेंबरचा तळही स्वतः पुन्हा मोजा. तिथे गाळ साठलेला असेल तर तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो.

हे गणित जमलं नसतं, तर पंप लावावा लागला असता. तशी वेळ आली तर एक गोष्ट पाळा, पंप टाकीच्या नंतर बसवा, आधी कधीच नाही. पंपाचा पंखा तेल-पाणी असं घुसळतो की थेंब इतके बारीक होतात, नंतरच्या टाकीत ते वरच येत नाहीत. टाकी दिसायला स्वच्छ राहते आणि सगळं तेल पुढच्या लाइनीत जाऊन गोठतं.

मुख्य लाइन १५० ऐवजी २०० मिमीची घेतली तर जास्त चांगलं, असं कुणी म्हणेल. उलट होतं. तेवढंच पाणी मोठ्या पाइपात पसरून पातळ वाहतं आणि खरकटं ओढून नेण्याइतका जोर त्यात राहत नाही. ८० ला १ उताराचा १५० मिमी पाइप अर्धा भरून वाहिला तरी सेकंदाला ८ लिटरच्या वर नेतो. तुमचा सगळा लोंढाच ३ चा आहे. १५० सुद्धा प्रवाहासाठी नाही, आतून थोडा थर बसला तरी बांबू-सळई फिरवता यावी म्हणून घेतोय. वळणावर काटकोनी बेंड नको, ४५ अंशांचे दोन लावा. प्रत्येक वळणावर आणि दर १०-१२ मीटरला सफाईचं तोंड ठेवा, आणि ते स्टॉलच्या आत नव्हे, मागच्या गल्लीत. डोशाच्या तव्यापाशी उघडायचं चेंबर असेल तर ते धंद्याच्या वेळी कुणी उघडू देत नाही.

उकळतं पाणी जिथे ओततात, म्हणजे नूडल्सचं, भाताच्या पेजेचं, भांडी धुण्याच्या यंत्राचं, तिथून पहिले काही मीटर साधा पीव्हीसी पाइप वापरू नका. तो मऊ पडतो, दोन आधारांच्या मध्ये झोळ येतो आणि त्या झोळात तूप साठतं. पॉलिप्रॉपिलिन, एचडीपीई किंवा बिडाचा पाइप घ्या.

थंडीचाही विचार करा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल त्या थंडीत पातळच राहतं, पण डालडा, लोणी आणि पामतेल घट्ट होतात. नान-खलियाच्या तर्रीतली चरबी तर ४० अंशांच्या आसपासच थिजायला लागते, म्हणजे ती पाइपात काही मीटर जाताच भिंतीला धरते. तुमच्यात मटणाचा स्टॉल असेल, तर त्याला आणि पावभाजीवाल्याला टाकीच्या सगळ्यांत जवळचा गाळा द्या. टोकाला चहा, रस, आइस्क्रीम. भाड्याच्या हिशेबात हे बसतंच असं नाही, पण हे करायला खर्च शून्य आहे आणि ते लाइन पडायच्या आधीच करता येतं.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळाच. आपलं काळ्या दगडातलं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम असतं. वारंवार तळलेल्या तेलात सुटी आम्लं तयार झालेली असतात. त्या दोघांचा संयोग होऊन चुनखडीसारखा टणक, करडा-पांढरा साबण बनतो. तो पाइपाला धरला की गरम पाण्याने सुटत नाही, तोडूनच काढावा लागतो. त्यामुळे कढईतलं उरलेलं तेल मोरीत ओतलं जाणार नाही, याचा बंदोबस्त आधी करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, नियमाप्रमाणे तेल वारंवार तापून बनणारी पोलर संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, म्हणजे तेल टाकावं तर लागणारच. जैवइंधनासाठी ते गोळा करणारे लोक विकत नेतात. त्यासाठी मागच्या गल्लीत झाकणाचे डबे आणि नेण्याचा ठरलेला वार असावा. तळण्याच्या स्टॉलचं एक डबाभर तेल मोरीत गेलं, तर टाकीचा जवळपास एका दिवसाचा साठा एका क्षणात भरतो.

सिंकखालच्या छोट्या ट्रॅपबद्दल. बारा ठिकाणी बारा ट्रॅप म्हणजे बारा स्टॉलवाल्यांनी ते रोज उघडून साफ करायचे. पहिला आठवडा करतील. ३०-४० लिटरचा ट्रॅप पावभाजीच्या गाड्याखाली दोन-तीन दिवसांत भरतो, मग त्यातून सगळं तसंच पुढे जातं. वर तो शिजवण्याच्या जागेत असल्यामुळे झुरळं आणि वास. मी ते फक्त तीन ठिकाणी देतो, तळण, पावभाजी आणि मटण. बाकी ठिकाणी प्रत्येक सिंकच्या तोंडाशी आणि प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये काढून झटकता येईल अशी स्टीलच्या जाळीची टोपली. भांड्यांच्या खोलीत सिंकच्या आधी खरकटं खरवडायचं टेबल आणि त्याला खाली बादलीचं भोक. इडली-डोशाच्या पिठाचं आणि भाताचं पाणी तेलापेक्षा जास्त गाळ करतं. ते टोपलीत अडकत नाही, म्हणून टाकीचा पहिला भाग मोठा ठेवलाय.

टाकीकडे काय जायला नको, हेही ठरवून घ्या. संडास-मुतारीची लाइन वेगळी, ती टाकीच्या पुढच्या चेंबरलाच मिळेल. पावसाचं पाणी आणि एसीचं पाणी अजिबात नको. जूनमधल्या एका जोरदार सरीचं गच्चीवरचं पाणी टाकीत आलं तर साठलेलं सगळं धुऊन बाहेर जाईल. आणि आरओचं वाया जाणारं पाणी. ते दिवसाला बऱ्यापैकी निघतं, स्वच्छ असतं, फक्त खारट. ते टाकीतून नेलं तर विनाकारण प्रवाह वाढतो. त्याला वेगळी सिंटेक्स द्या, त्याचा उपयोग खाली सांगतो.

खोदाई साधारण अडीच मीटरची होईल. काळी माती लागली तर जपा. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पाइपचे सांधे हलवते. तळाला आणि बाजूंना काळी माती काढून मुरूम भरून ठोका, पाइपखालीही मुरमाचा किंवा वाळूचा बिछाना द्या. टाकी आरसीसीची असेल तर आतून इपॉक्सीचा लेप, नाहीतर फायबरची तयार टाकी. फायबरची हलकी असते. पावसाळ्यात आजूबाजूला पाणी भरलेलं असताना ती रिकामी केली तर वर उचलली जाते, म्हणून तळाच्या काँक्रीटला बांधून घ्या. टँकरचं पाणी उतरवायची जमिनीखालची टाकी जवळपास असेलच. तिच्यापासून निदान पाच-सहा मीटर लांब राहा.

उपसण्याचा हिशेब असा. १.२ मीटर खोलीचा पाव भाग म्हणजे ३० सेंमी. वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळ मिळून ३० सेंमी झाले की उपसायचं. खंडात ते ८६४ लिटर. आठवड्याच्या सरासरीने दिवसाला ९०० ताटं आणि ताटामागे तेल-गाळ मिळून २० ग्रॅम धरले, तर दिवसाला १८ लिटरच्या आसपास साठतं, म्हणजे कागदावर ४८ दिवस. पण कागदावर सोडू नका. पहिले दोन महिने दर आठवड्याला पारदर्शक नळी सरळ तळापर्यंत घालून, वरचं तोंड अंगठ्याने बंद करून बाहेर काढा. दोन्ही थर डोळ्यांनी दिसतात. ते वहीत लिहा. त्यावरून तुमचा खरा वेग कळेल. मी सुरुवातीला चार आठवड्यांचा करार करतो, उन्हाळ्यात तीन. उपसणी पूर्ण टाकीची हवी, नुसता वरचा तेलाचा थर काढून काम संपत नाही.

माणूस आत उतरवायचा नाही. त्या टाकीत जमणारा वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ग्रीसची टाकी आतून त्यापेक्षा सुरक्षित नसते. सक्शन गाडीच बोलवा. म्हणून गाडी टाकीपासून २०-२५ मीटरच्या आत उभी राहील अशी वाट गल्लीत मोकळी ठेवा आणि तिथे दुचाकी लावू देऊ नका.

उपसल्यावर टाकी पुन्हा पाण्याने भरायची असते, आणि टंचाईत नेमकं हेच राहून जातं. साडेतीन हजार लिटर पाणी गटारात कोण ओतणार, म्हणून टाकी रिकामी ठेवतात. पण रिकाम्या टाकीत पाण्याची पातळी बाहेरच्या टीपर्यंत पोहोचेपर्यंत तेल तरंगत मधल्या भिंतीच्या भोकातून दुसऱ्या भागात जाऊन बसतं, आणि पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं बाहेर जात राहतं. आरओच्या पाण्याची सिंटेक्स इथे कामाला येते. उपसणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून ते पाणी साठवा आणि तेच टाकीत भरा.

जंतूंची पावडर, एन्झाइम, कॉस्टिक टाकून टाकी आपोआप साफ राहते, असं विकणारे येतील. कॉस्टिक आणि गरम पाणी तेल वितळवतं, ते तुमच्या टाकीतून निघून महापालिकेच्या लाइनीत थिजतं आणि मग तेच चेंबर उलटं तुमच्याकडे फुगतं. रोग रेड्याला, औषध पखालीला. सार्वजनिक गटारात तेल-ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा नियम आहे. नदी-नाल्यात किंवा बागेला सोडायचं तर १०. नुसत्या अशा टाकीतून २० येईलच, हे मी लिहून देत नाही. साबणात विरघळल्यासारखं झालेलं तेल टाकीत थांबत नाही. पुढे इमारतीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, असेल तर ते तिथे जातं. नसेल आणि तपासणीत आकडा वर आला, तर टाकी वाढवू नका, आधी भांड्यांच्या खोलीत साबण किती ओततात ते बघा.

तुंबल्यावर कुठे बघायचं, तेही सांगून ठेवतो, कारण रात्री नऊला प्लंबर फोनवरच विचारतो. टाकीचं पहिलं झाकण उघडा. पाणी नेहमीच्या पातळीवर आहे आणि सिंक भरतंय, तर अडथळा टाकीच्या आधीच्या लाइनीत किंवा आतल्या टीत आहे. पातळी नेहमीपेक्षा वर चढली आहे, तर बाहेरची टी किंवा पुढची लाइन. नमुन्याच्या चेंबरात पाणी उभं असेल तर महापालिकेचं चेंबर भरलंय. पावसाळ्यात हे होतंच, म्हणून नमुन्याच्या चेंबरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि तो हाताला येईल असा ठेवा. एकाच स्टॉलचं पाणी गुडगुड आवाज करत उतरत असेल तर त्या फाट्याला हवा मिळत नाही. आणि बंद पडलेल्या गाळ्यातून वास येत असेल तर काहीही तुंबलेलं नाही, नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात सुकलंय. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता.

उपसणीचा खर्च बारा स्टॉलवाल्यांकडून वेगवेगळा मागू नका, देखभालीच्या रकमेत घाला आणि सक्शन गाडीचा करार इमारतीच्या नावाने करा. भाडेकरारात दोनच अटी टाका. जाळीची टोपली काढून ठेवलेली दिसली तर दंड, आणि वापरलेलं तेल डब्यातच.

ठेकेदाराचं बिल देण्याआधी, खड्डा उघडा असताना दोन चाचण्या घ्या. टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवा, पातळी उतरली तर लेप पुन्हा. मग भांड्यांच्या खोलीतले दोन मोठे कप्पे भरून, सगळ्या स्टॉलचे नळ सोडून, दोन्ही बुचं एकदम काढा. दोन्ही टोकांच्या गाळ्यांत एकेक माणूस उभा करा. नहाणी ट्रॅपमधून पाणी वर आलं नाही, आतल्या टीपाशी पाणी उसळून झाकणापर्यंत आलं नाही आणि तीन-चार मिनिटांत टाकीची पातळी मूळ जागी आली, तर मुरूम भरायला हरकत नाही.